मृत्युपूर्व जबाब: ऐकीव पुराव्याच्या एका अपवादाची वाटचाल

नोव्हेंबर १६०३ मध्ये इंग्लंडातील विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे लॉर्ड कोभॅम या सरदाराचा लेखी जबाब. कोभॅम स्वतः कैदेत होता, म्हणजे त्याला न्यायालयात आणणे अशक्य नव्हते. त्याने मध्यंतरी आपले आरोप मागेही घेतले होते. रॅलेने पुन्हा पुन्हा मागणी केली की कोभॅमला समोर उभे करा, त्याला माझ्या तोंडावर बोलू द्या. ती मान्य झाली नाही. उलट सरकार पक्षाने डायर नावाचा एक नावाडी साक्षीला उभा केला. लिस्बनमध्ये एका गृहस्थाने आपल्याला सांगितले की रॅले आणि कोभॅम मिळून राजाचा गळा कापणार आहेत, एवढेच तो सांगू शकला. हे सांगणारा गृहस्थ कोण आणि त्याला ही माहिती कुठून मिळाली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. रॅले दोषी ठरला आणि १६१८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

पुढील शंभर-दीडशे वर्षांत इंग्रजी न्यायालयांनी अशा साक्षीविरुद्ध एक पक्का नियम तयार केला. न्यायालयाबाहेर कोणीतरी बोललेली गोष्ट, ती खरी आहे हे सिद्ध करण्यासाठी, दुसऱ्याच्या तोंडून न्यायालयात आणता येत नाही. याला ऐकीव पुरावा म्हणतात. तो नाकारण्यामागे तीन कारणे आहेत. मूळ बोलणाऱ्याने शपथ घेतलेली नसते. त्याची उलटतपासणी होत नाही, त्यामुळे त्याने खरोखर काय पाहिले, किती अंतरावरून पाहिले आणि त्याचे आरोपीशी वैर होते का, हे विचारता येत नाही. शिवाय बोलताना तो कसा दिसत होता, कुठे अडखळत होता, हे न्यायाधीशाला पाहायला मिळत नाही. साक्षीदाराने घटना स्वतः पाहिलेली असली पाहिजे, हे तत्त्व यातूनच आले.

पण हा नियम शब्दशः पाळला तर एक मोठी अडचण उभी राहते. खुनाच्या खटल्यात घटना सर्वांत जवळून पाहिलेला माणूस मेलेला असतो. गुन्हा अंधारात किंवा बंद दाराआड घडला असेल तर तोच एकमेव साक्षीदार असतो. मरण्यापूर्वी त्याने डॉक्टरला, बायकोला किंवा शेजाऱ्याला मारेकऱ्याचे नाव सांगितले असेल, तर ते नाव ऐकीव म्हणून टाकून द्यायचे का? या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे मृत्युपूर्व जबाबाचा अपवाद. हा अपवाद कोणत्या पायावर उभा आहे, याबाबत इंग्लंड आणि भारत यांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या, आणि त्या वेगळेपणाचे परिणाम भारतीय न्यायालयांना दीर्घकाळ निस्तरावे लागले.

इंग्लंडमधील पाया १७८९ च्या वुडकॉक खटल्यात स्पष्ट शब्दांत मांडला गेला. विल्यम वुडकॉक याने आपल्या पत्नीला बेदम मारहाण केली होती. ती दोनेक दिवस जगली, आणि त्या काळात एका दंडाधिकाऱ्याने तिचा जबाब घेतला. आपण मरणार असे ती स्वतः म्हणाली नव्हती. तिच्या जखमा पाहणाऱ्यांना मात्र आशा उरली नव्हती. न्यायाधीश आयर यांनी ज्युरीला सांगितलेले तत्त्व असे: माणूस मृत्यूच्या दारात उभा असतो, या जगाची सगळी आशा संपलेली असते, खोटे बोलण्याचे सारे हेतू गळून पडलेले असतात, आणि त्या क्षणाचे गांभीर्य त्याला न्यायालयातल्या शपथेइतकेच बांधून ठेवते. म्हणजे शपथेची जागा मृत्यूच्या जाणिवेने घेतली. वुडकॉक दोषी ठरला.

हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर मरणाऱ्याला मृत्यूची खात्री होती का, हाच निर्णायक प्रश्न ठरतो. इंग्रजी न्यायालयांनी ही अट किती कडक केली, ते १८६९ च्या जेंकिन्स खटल्यावरून दिसते. एका मरणासन्न स्त्रीचा जबाब घेताना लेखनिकाने लिहिले की आपण बरे होण्याची आशा नसताना ती हे सांगत आहे. जबाब वाचून दाखवल्यावर तिने एक दुरुस्ती सुचवली: ‘सध्या’ आशा नसताना, असे लिहा. ही स्त्री त्याच दुखण्यात गेली. वरच्या न्यायालयाने मात्र तिची दुरुस्ती महत्त्वाची मानली. ‘सध्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात थोडी तरी आशा शिल्लक आहे, म्हणून तो जबाब पुराव्यात घेता येणार नाही, असा निकाल लागला आणि आरोपीची शिक्षा रद्द झाली. तिने जे सांगितले ते खरे होते की खोटे, हा प्रश्नच त्यामुळे मागे पडला.

याच सुमारास हिंदुस्थानात पुराव्याचा एकच लेखी कायदा करण्याचे काम चालू होते. हेन्री मेन यांच्या काळात तयार झालेला मसुदा इथल्या परिस्थितीला जुळत नाही म्हणून बाजूला पडला होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी नवा मसुदा लिहिला. तो १८७२ चा पहिला कायदा म्हणून मंजूर झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला अंमलात आला. त्याच्या कलम ६० ने तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे, म्हणजे पाहिलेले पाहणाऱ्याने आणि ऐकलेले ऐकणाऱ्याने सांगितले पाहिजे, असे बंधन घातले. कलम ३२ मध्ये या बंधनाचे अपवाद एकत्र आले. जो माणूस मेला आहे, सापडत नाही किंवा साक्ष देण्यास असमर्थ झाला आहे, त्याची काही विशिष्ट विधाने पुराव्यात घेता येतील, असे ते कलम सांगते. धंद्याच्या रोजच्या वहीतील नोंद, स्वतःच्या हिताविरुद्ध केलेले विधान, नातेसंबंधाविषयी सांगितलेली माहिती अशी विधाने त्यात येतात. या यादीत पहिले स्थान मृत्यूच्या कारणाविषयीच्या विधानाला मिळाले.

या पहिल्या पोटकलमात स्टीफन यांनी इंग्रजी नियमाचा कणाच काढून टाकला. माणसाने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्यातील परिस्थितीविषयी, केलेले विधान ग्राह्य धरायचे, आणि बोलताना त्याला मृत्यूची अपेक्षा होती की नव्हती याने काही फरक पडणार नाही, असे कायद्यात स्वच्छ लिहिले गेले. इंग्लंडमध्ये हा अपवाद मनुष्यवधाच्या खटल्यांपुरताच होता. इथे तो ज्या कोणत्या कामात मृत्यूचे कारण वादात येईल, त्या दिवाणी कामालाही लागू झाला.

यामुळे अपवादाचा पाया बदलला. इंग्लंडमध्ये मरणारा खोटे बोलणार नाही हा विश्वास महत्त्वाचा होता. भारतात तो माणूस आता साक्षीला येऊ शकत नाही, ही गरज महत्त्वाची ठरली. जेंकिन्ससारखा अन्याय त्यामुळे टळला. पण विश्वासाचा आधार काढल्यावर जबाब खरा आहे हे कशावरून समजायचे, हा प्रश्न अधिक टोकदार झाला. या धोक्याची कल्पना स्टीफन यांना होती. इंग्रजी फौजदारी कायद्याच्या इतिहासावरील १८८३ च्या ग्रंथात त्यांनी पंजाबातील अनुभव नोंदवला आहे: तिथे प्राणघातक जखमी झालेला माणूस अनेकदा आपल्या घराण्याच्या साऱ्या पिढीजात वैऱ्यांची नावे हल्लेखोरांत घालून ठेवतो. ज्याला आता गमावण्यासारखे काही उरले नाही, तो सूडापोटी खोटेही बोलू शकतो, ही शंका त्यामागे होती. ती कायद्याच्या कलमात उतरली नाही. ग्राह्यतेचे दार रुंद ठेवून आत आलेल्या विधानाचे वजन करण्याचे काम कायद्याने न्यायाधीशावर सोपवले.

हे दार किती रुंद आहे याची पहिली मोठी कसोटी १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे लागली. एका तरुण स्त्रीचा गळा कापण्यात आला होता. ती शुद्धीवर होती, पण तिला बोलता येत नव्हते. दंडाधिकाऱ्याने तिला एकेक नाव घेऊन विचारले, आणि तिने हाताच्या खुणेने नकार किंवा होकार दिला. अब्दुल्ला या नावाला तिने होकाराची खूण केली. कायद्यात लेखी किंवा तोंडी विधान म्हटले आहे. मग हाताची खूण हे विधान होते का? बहुसंख्य न्यायाधीशांनी सांगितले की विचारलेला प्रश्न आणि त्यावर केलेली खूण ही दोन्ही एकत्र घेतली की ते तोंडी विधानच होते. न्या. महमूद यांचे मत वेगळे पडले. या निकालाने विधानाचा अर्थ विस्तारला, आणि विचारणाऱ्याने नेमके काय विचारले हे उत्तराइतकेच महत्त्वाचे ठरले. खूण एकट्याने काहीच सांगत नाही. कोणत्या प्रश्नाला ती उत्तर म्हणून आली, त्याची नोंद नसेल तर ती निरुपयोगी आहे.

दुसरी कसोटी वेळेची होती, आणि ती १९३९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे पकला नारायण स्वामी यांच्या अपिलात लागली. मार्च १९३७ मध्ये पुरी स्थानकावर तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक बेवारशी पोलादी ट्रंक सापडली. तिच्यात एका माणसाचे तुकडे केलेले प्रेत होते. तो पिठापुरमच्या दिवाणांकडे शिपाई होता. दिवाणांची मुलगी आणि जावई बेऱ्हमपूरला राहत होते. या मुलीने १९३६ मध्ये या शिपायाकडून ३००० रुपये १८ टक्के व्याजाने घेतले होते, असा सरकार पक्षाचा पुरावा होता. २० मार्चला शिपायाला एक पत्र आले. ते दाखवून त्याने पत्नीला सांगितले की बेऱ्हमपूरहून बोलावणे आले आहे, तिथे जाऊन पैसे घ्यायचे आहेत. दुसऱ्या दिवशी तो गाडीने निघाला. २३ तारखेला ट्रंक सापडली. जावयावर खुनाचा खटला भरला गेला.

पत्नीची साक्ष महत्त्वाची होती, कारण मृत माणूस आरोपीच्या घराकडे कशासाठी निघाला होता हे तिच्यावरूनच समजत होते. पण तिने सांगितलेले शब्द तिच्या नवऱ्याचे होते, आणि ते बोलताना तो धडधाकट होता. त्याच्यावर हल्ला झालेला नव्हता, मृत्यूचा विचारही त्याच्या मनात नव्हता. आरोपीच्या वकिलांचा युक्तिवाद असा होता की ज्या घटनेत मृत्यू झाला ती घडून गेल्यानंतरचेच विधान या कलमाखाली येते, बोलणारा किमान मृत्यूच्या जवळ तरी पोहोचलेला हवा, आणि ‘परिस्थिती’ म्हणजे मृत्यू घडला त्या वेळची व त्या जागेवरची परिस्थिती. इंग्रजी नियमाच्या सावलीत हे तीनही मुद्दे स्वाभाविक वाटतात.

निकाल देताना लॉर्ड ॲटकिन यांनी कायद्याचे शब्द जसेच्या तसे वाचले आणि या तीनही मर्यादा नाकारल्या. मृत्यूचे कारण उद्भवण्यापूर्वी, इतकेच नव्हे तर आपण मारले जाऊ असे वाटण्याचे काहीही कारण नसतानाही, केलेले विधान या कलमात बसू शकते. मात्र त्यांनी मोकळे रान दिले नाही. विधानाचा प्रत्यक्ष मृत्यूच्या प्रसंगाशी थेट संबंध हवा. मला अमक्याची भीती वाटते, तमक्याचा संशय येतो, अशी सर्वसाधारण विधाने त्यात येत नाहीत. मी अमक्या ठिकाणी, अमक्या कारणासाठी, अमक्याला भेटायला चाललो आहे, हे विधान मात्र येऊ शकते. पत्नीला सांगितलेले शब्द त्यामुळे ग्राह्य ठरले. आरोपीने पोलिसांसमोर केलेले निवेदन मात्र प्रिव्ही कौन्सिलने बेकायदा म्हणून पुराव्यातून काढले. उरलेला पुरावा दोषसिद्धीला पुरेसा ठरला आणि अपील फेटाळले गेले.

अशा रीतीने स्वातंत्र्यापूर्वीच ग्राह्यतेचे बहुतेक प्रश्न सुटले होते. वजनाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. घेतलेल्या जबाबावर किती विसंबायचे? इतर कोणताही पुरावा नसेल तर केवळ मृत्युपूर्व जबाबावर एखाद्याला फाशी देता येईल का? मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९४० मध्ये सांगितले होते की जबाबावर विश्वास बसत असेल तर त्याला दुजोरा मिळालाच पाहिजे असा नियम नाही. पण १९५३ मध्ये रामनाथ माधोप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके उलट मत व्यक्त केले. असा जबाब शपथेवर नसतो, त्यावर उलटतपासणी होत नाही, आणि मरणारा माणूस शरीराने व मनाने गोंधळलेला असून कल्पनेतून बोलत असू शकतो, म्हणून दुजोऱ्याशिवाय केवळ त्यावर शिक्षा देणे सुरक्षित नाही, असे त्या निकालात म्हटले होते. ऐकीव पुराव्याविरुद्धचा जुना आक्षेप अपवादाच्या पोटातून पुन्हा वर आला. खालच्या न्यायालयांपुढे आता दोन परस्परविरोधी वाटा होत्या.

हा पेच सोडवणारा खटला नागपुरातून आला. तिथल्या गिरणी भागात दोन टोळ्यांचे वैर होते. त्यांच्यात आधीही मारामाऱ्या आणि पोलिसांत तक्रारी झाल्या होत्या. १२ फेब्रुवारी १९५६ च्या दिवशीसुद्धा एका टोळीने दुसरीविरुद्ध तक्रार नोंदवली होती. त्याच रात्री नऊच्या सुमारास एका अरुंद गल्लीत एका तरुणावर तलवारी आणि भाल्यांनी हल्ला झाला. तो एका टोळीतल्या लोकांशी मैत्री ठेवून होता, आणि हल्ला दुसऱ्या टोळीने केला असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. वडील आणि इतर काही जणांनी त्याला मेयो रुग्णालयात नेले.

त्या रात्रीचा घटनाक्रम घड्याळाच्या काट्यांनिशी नोंदलेला आहे आणि खटल्याचा निकाल त्यावरच ठरला. जखमी तरुण सुमारे ९ वाजून २५ मिनिटांनी रुग्णालयात पोहोचला. कामावरच्या डॉक्टरांनी लगेच त्याला काय झाले ते विचारले आणि उत्तर केसपेपरवर लिहिले. त्याने दोन माणसांची नावे घेतली होती. त्यांतले एक नाव खुशालचे होते. डॉक्टरांनी गणेशपेठ पोलीस ठाण्याला दूरध्वनी केला आणि ९.४५ ला तिथे नोंद झाली. फौजदार रुग्णालयात आले. जखमी बोलण्याच्या स्थितीत आहे का, असे त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना विचारले. जबाब दंडाधिकाऱ्याकडून घ्यावा असा सल्ला डॉक्टरांनी दिला. पण दंडाधिकारी येईपर्यंत हा माणूस राहील की नाही याची खात्री नव्हती. म्हणून फौजदारांनी १०.१५ ला स्वतःच प्रश्नोत्तराच्या रूपात जबाब लिहून घेतला. तोवर प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांना बोलावणे गेले होते. त्यांनी ११.१५ ते ११.३५ या वीस मिनिटांत तिसरा जबाब घेतला. रुग्ण मनाने शुद्धीवर असून जबाब देण्यास समर्थ आहे, असे डॉक्टरांनी त्यावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो तरुण वारला.

म्हणजे सुमारे दोन तासांत, तीन वेगवेगळ्या अधिकारी व्यक्तींनी, एकाच माणसाकडून तीन जबाब घेतले. तिन्हींत खुशालचे नाव होते. चार आरोपींवर खटला चालला. प्रत्यक्षदर्शी म्हणून उभे केलेले साक्षीदार न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत, कारण गावात दोन तट असताना ते एका तटाचे होते. सत्र न्यायालयाने दोन आरोपींना सोडले आणि दोघांना दोषी धरले. खुशालला फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयात दुसरा दोषीही सुटला, आणि त्याच्या सुटण्याचे कारण या विषयावर बराच प्रकाश टाकते. जबाबात घेतलेल्या नावासोबत जी जात सांगितली होती, ती त्या आरोपीच्या जातीशी जुळत नव्हती, आणि त्याच नावाची आणखी माणसे त्या वस्तीत राहत होती. मरणाऱ्याने खोटे सांगितले असा याचा अर्थ नव्हता. त्याने सांगितलेला माणूस तो हाच, हे सिद्ध झाले नव्हते. तो जिवंत असता तर एका प्रश्नात हा घोळ मिटला असता. उलटतपासणीचा अभाव प्रत्यक्षात कसा बाधतो, ते इथे दिसते, आणि त्याचा फायदा कायद्याप्रमाणे आरोपीला मिळाला.

खुशालविरुद्ध आता मुख्यतः तेच तीन जबाब उरले. तो घटनेनंतर घरी सापडला नव्हता आणि लपून राहिला होता, ही गोष्ट उच्च न्यायालयाने दुजोरा म्हणून धरली आणि फाशी कायम केली. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयात हे अपील ‘खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने चालले. १९५३ च्या निकालाकडे बोट दाखवून आरोपीच्या वकिलांनी म्हटले की दुजोऱ्याशिवाय जबाबावर विसंबता येत नाही. फरार होणे हा काही खरा दुजोरा नव्हे, कारण वैराच्या वातावरणात निर्दोष माणूसही पोलिसांच्या भीतीने लपतो.

२५ सप्टेंबर १९५७ रोजी न्या. भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी निकाल दिला. १९५३ मधील विधान त्या प्रकरणाच्या निकालासाठी आवश्यक नव्हते, म्हणून ते बंधनकारक नियम ठरत नाही, असे त्यांनी आधी स्पष्ट केले. मग ते मूळ प्रश्नाकडे वळले. मृत्युपूर्व जबाब हा मुळातच कमी दर्जाचा पुरावा आहे, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. केवळ त्यावर शिक्षा देता येणार नाही असा सरसकट नियम नाही, आणि दर वेळी द्यावीच असाही नाही. प्रत्येक जबाब त्याच्या परिस्थितीच्या प्रकाशात तपासायचा. तपासणीत तो खरा ठरला तर दुजोऱ्याची गरज नाही. संशय उरला तर दुजोरा हवा, पण तो त्या जबाबातील उणिवेमुळे हवा, जबाबाच्या जातीमुळे नव्हे.

तपासणी कशी करायची हेही निकालात सांगितले आहे. हल्लेखोराला ओळखण्याची संधी मरणाऱ्याला होती का, रात्रीची वेळ असेल तर पुरेसा उजेड होता का, हे पाहायचे. जखमांमुळे त्याची स्मृती किंवा भान गेले होते का, हे पाहायचे. एकाहून अधिक वेळा बोलण्याची संधी मिळाली असेल तर तो सारखेच बोलला का, हे पाहायचे. पहिल्या संधीलाच त्याने नाव घेतले का, की मधल्या वेळात हितसंबंधी माणसांनी पढवले, हे पाहायचे. सक्षम दंडाधिकाऱ्याने रीतसर, प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहिलेला जबाब, लोकांच्या आठवणीवर विसंबणाऱ्या तोंडी जबाबापेक्षा वरचढ धरायचा.

मेयो रुग्णालयातील ती रात्र या कसोट्यांना उतरली. पहिले उत्तर हल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत डॉक्टरांना मिळाले होते. टोळीच्या वैरात कोणाची बाजू घेण्याचे डॉक्टरांना कारण नव्हते. तिसरा जबाब दंडाधिकाऱ्यांनी घेतला होता आणि शुद्धीविषयी डॉक्टरांचे मत त्यावर होते. खुशालचे नाव शेवटपर्यंत बदलले नाही. अपील फेटाळले गेले. दुसऱ्या आरोपीची सुटका आणि खुशालची शिक्षा या दोन्ही गोष्टी एकाच जबाबातून निघाल्या, आणि त्या परस्परविरोधी नाहीत. जबाबाचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तोलला गेला.

या निकालाचा परिणाम न्यायालयांइतकाच रुग्णालयांवर आणि पोलीस ठाण्यांवर झाला. जबाब कोणी, कधी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रश्नांना उत्तर म्हणून लिहिला, तेव्हा खाटेजवळ कोण नातेवाईक होते, डॉक्टरांनी शुद्धीची खात्री केली का, हे मुद्दे पुढच्या प्रत्येक खटल्यात वादाचे विषय झाले. भाजलेल्या विवाहित स्त्रियांच्या खटल्यांत त्यांना विशेष महत्त्व आले. सासरची माणसे समोर असताना स्टोव्हचा भडका उडाला म्हणणारी स्त्री, माहेरचे आल्यावर नवऱ्याचे नाव घेते. अशा दोन जबाबांपैकी दबावाखाली दिलेला कोणता आणि पढवलेला कोणता, हे ठरवताना न्यायाधीशाला नागपूरच्याच कसोट्या वापराव्या लागतात. उत्तर दर वेळी सरळ मिळत नाही, आणि दोन्ही जबाब सारखेच डळमळीत वाटले तर आरोपी सुटतो.

कसोटी म्हणजे निव्वळ कागदपत्रांची पूर्तता, असा समजही मधल्या काळात रूढ होऊ लागला. जबाबावर डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही, किंवा रुग्ण शुद्धीवर आहे एवढेच लिहिले आहे आणि मनाने समर्थ आहे असे लिहिले नाही, एवढ्या कारणावरून जबाब फेटाळले जाऊ लागले. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २००२ मध्ये हा वाद मिटवला. जबाब देणारा भानावर होता याची न्यायालयाला खात्री पटली पाहिजे. ती जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याच्या साक्षीवरून पटत असेल, तर प्रमाणपत्र नाही म्हणून जबाब टाकता येणार नाही. डॉक्टरांचा शेरा हा सावधगिरीचा उपाय आहे, कायद्याची अट नव्हे.

स्टीफन यांचा कायदा १५० हून अधिक वर्षे चालला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. जुने कलम ३२ आता कलम २६ झाले आहे. त्यातील पहिल्या पोटकलमात, बोलणाऱ्याला मृत्यूची अपेक्षा होती किंवा नव्हती तरी त्याचे विधान ग्राह्य धरावे, ही १८७२ ची तरतूद कायम आहे. असे विधान किती खरे मानायचे, हे आजही भारतातील न्यायालये खुशालराव निकालातील कसोट्यांवरच ठरवतात.